अपूर्णांकाची क्रमिका वरखाली उड्या मारते आणि डेरिव्हेटिव्हही १ च्या आत बसत नाही, तेव्हा काय करायचं?

ही अडचण मी इतक्या वेळा पाहिली आहे, की वहीतलं पान उघडण्याआधीच ओळखू येते. रिकर्शन अपूर्णांकाचं असतं, पहिलं पद दिलेलं असतं, आणि विद्यार्थ्याने दीड पान खर्चून क्रमिका मोनोटोन असल्याचं सिद्ध करायचा प्रयत्न केलेला असतो. मग एक मोठी काट मारलेली असते आणि खाली घाईघाईने "समजा लिमिट L आहे" असं लिहून उत्तर काढलेलं असतं. उत्तर बरोबर असतं. गुण मात्र निम्मेच मिळतात, आणि ते योग्यच आहे.

एकच गणित घेऊन शेवटपर्यंत जाऊ या.

```
x₁ = 1,   xₙ₊₁ = 6/(1 + xₙ)
```

पदं काढली तर अशी येतात: १, ३, १.५, २.४, १.७६४७, २.१७०२, १.८९२६, २.०७४२. एकदा २ च्या वर, एकदा खाली. वाढतीही नाही, घटतीही नाही. तेव्हा "मोनोटोन आणि बाउंडेड म्हणून कन्व्हर्जंट" हे नेहमीचं हत्यार इथे चालणार नाही, आणि ते चालवण्यात वेळ घालवायचा नाही. हे आधीच कळायला हवं असेल तर फंक्शनकडे बघावं. `f(x) = 6/(1+x)` मध्ये x वाढला की छेद वाढतो आणि किंमत घटते. घटत्या फंक्शनमधून एक पद फिक्स्ड पॉइंटच्या खाली असेल तर पुढचं वर जाणारच. चूक तुमच्या आकडेमोडीत नाही, क्रमिकेचा स्वभावच तसा आहे.

पहिली चूक: लिमिट आहे हे गृहीत धरणं

दोन्ही बाजूंची लिमिट घेतली की `L = 6/(1+L)`, म्हणजे `L² + L − 6 = 0`, म्हणजे L = २ किंवा L = −३. पदं धन आहेत, म्हणून २. इथवर सगळे येतात आणि थांबतात.

पण या ओळींनी काय सिद्ध झालं? लिमिट असलीच तर ती २ आहे, एवढंच. ती आहे का, हा प्रश्न तसाच उरला. हे सांगितलं की काही जण नाराज होतात, "उत्तर तर तेच आलं ना" म्हणतात. त्यांच्यासाठी छेदातला १ काढून टाकू या:

```
x₁ = 1,   xₙ₊₁ = 6/xₙ
```

तीच युक्ती लावा. `L² = 6`, पदं धन, म्हणून L = √६. लिहायला किती सोपं! आता पदं काढा: १, ६, १, ६, १, ६. ही क्रमिका कुठेच जात नाही. फिक्स्ड पॉइंट आहे, समीकरण सुटतं, आणि लिमिट नाही. म्हणजे फिक्स्ड पॉइंट हा फक्त उमेदवार असतो, निवडून आलेला नसतो.

या दोन गणितांत फरक फक्त छेदातल्या १ चा आहे. तो १ नेमकं काय करतो, हे पुढे दिसेल.

दुसरी अडचण: डेरिव्हेटिव्ह ऐकत नाही

ज्यांना कॉन्ट्रॅक्शन माहीत आहे ते इथे मीन व्हॅल्यू थिअरम काढतात. विचार योग्य आहे. एका बंद इंटरव्हलमध्ये `|f′| ≤ k` आणि k हा १ पेक्षा लहान असेल, शिवाय f त्या इंटरव्हलच्या बाहेर नेत नसेल, तर काम झालं.

आपली पदं १ आणि ३ यांच्यामध्ये राहतात. `f(1) = 3`, `f(3) = 1.5`, आणि f घटतं आहे, म्हणून [१, ३] मधला बिंदू [१.५, ३] मध्येच पडतो. इंटरव्हल मिळाला. आता डेरिव्हेटिव्ह:

```
f′(x) = −6/(1+x)²
|f′(1)| = 6/4 = 1.5
```

दीड! १ पेक्षा मोठा. इथे बहुतेकांचा धीर सुटतो. काही जण मग २ वर डेरिव्हेटिव्ह काढतात, तो −२/३ येतो, आणि "म्हणून कन्व्हर्जंट" लिहून मोकळे होतात. हेही पुरेसं नाही. २ वरचा डेरिव्हेटिव्ह एवढंच सांगतो, की २ च्या पुरेसं जवळ पोचलात तर पुढे आत ओढले जाल. तुम्ही १ पासून निघालात, तिथून त्या जवळच्या भागात पोचताच हे अजून कोणी दाखवलं?

या ठिकाणी मला जे सांगायचं आहे ते असं, की डेरिव्हेटिव्हची अट आपल्या गरजेपेक्षा फार जास्त मागते. ती म्हणते, इंटरव्हलमधले कुठलेही दोन बिंदू घ्या, त्यांच्यातलं अंतर आकसलं पाहिजे. १ आणि १.०१ घेतले तर ते आकसत नाही, जवळजवळ दीडपट होतं. पण आपल्या क्रमिकेत १ आणि १.०१ ही लागोपाठची पदं कधी येणारच नाहीत! एक पद लहान असेल तर पुढचं मोठंच असतं. आपल्याला फक्त लागोपाठच्या जोड्यांशी मतलब आहे.

उपाय: लागोपाठच्या पदांचा फरक आणि छेदांचा गुणाकार

दोन लागोपाठच्या फरकांचं नातं काढू. शॉर्टकट नको, पूर्ण लिहू:

```
xₙ₊₂ − xₙ₊₁ = 6/(1+xₙ₊₁) − 6/(1+xₙ)
            = −6(xₙ₊₁ − xₙ) / [(1+xₙ)(1+xₙ₊₁)]
```

इथे आल्यावर नेहमीची चूक अशी होते: दोन्ही कंस वेगवेगळे अंदाजतात. `xₙ ≥ 1` म्हणून प्रत्येक कंस किमान २, गुणाकार किमान ४, आणि गुणक ६/४. पुन्हा तोच दीड, पुन्हा तीच भिंत. दोन्ही पदं एकाच वेळी १ आहेत असं धरल्यामुळे हे होतं, आणि तसं कधी घडत नाही.

कंस वेगळे करायचेच नाहीत, गुणाकार सोडवायचा. रिकर्शन छेद उचलून लिहिलं तर `xₙ₊₁(1+xₙ) = 6`. म्हणून

```
(1+xₙ)(1+xₙ₊₁) = (1+xₙ) + xₙ₊₁(1+xₙ)
               = (1+xₙ) + 6
               = 7 + xₙ
```

सगळी गंमत या तीन ओळींत आहे. आता

```
|xₙ₊₂ − xₙ₊₁| = [6/(7+xₙ)] · |xₙ₊₁ − xₙ|
```

आणि `xₙ ≥ 1` असल्याने गुणक जास्तीत जास्त ६/८, म्हणजे ३/४. दीडचा पाऊण झाला, आणि इंटरव्हलला हातही लावावा लागला नाही. खरं तर [१, ३] चीही गरज नव्हती. पदं नुसती धन असली तरी गुणक ६/७ च्या खालीच राहतो. पहिलं पद ०.००१ घेतलं, जिथे डेरिव्हेटिव्ह जवळजवळ −६ आहे, तरी हा पुरावा जसाच्या तसा चालतो.

पडताळून बघा. पहिला फरक २, दुसरा १.५, तिसरा ०.९. गुणोत्तरं ०.७५ आणि ०.६. सूत्राने ६/(७+१) = ०.७५, ६/(७+३) = ०.६. बरोबर जुळतं.

पुढचं काम ठरलेलं आहे. k = ३/४ घेतल्यावर `|xₙ₊₁ − xₙ| ≤ 2kⁿ⁻¹`. m > n साठी मधले सगळे फरक मिळवले तर भूमितीय श्रेणी येते:

```
|xₘ − xₙ| ≤ 2kⁿ⁻¹/(1−k) = 8·(3/4)ⁿ⁻¹
```

n वाढवला की उजवी बाजू शून्याकडे जाते, म्हणजे क्रमिका कॉशी आहे, म्हणजे लिमिट आहे. आता, आणि आताच, दोन्ही बाजूंची लिमिट घ्यायचा परवाना मिळाला. L = २. पेपरात ही वाक्यं याच क्रमाने लिहा.

आणि `6/xₙ` मध्ये काय होतं? तिथे छेदांचा गुणाकार `xₙ·xₙ₊₁`, आणि रिकर्शनने तो नेमका ६. गुणक ६/६ = १. फरक एक कणही आकसत नाही, ५ चा ५ च राहतो. छेदातला तो १ गुणाकारात `1 + xₙ` एवढी भर घालतो, आणि तेवढ्यावर सगळं तरतं.

"प्रत्येक वेळी गुणक १ पेक्षा लहान आहे" हे पुरेसं नाही

वर k = ३/४ असा ठरावीक आकडा मुद्दाम काढला. बऱ्याच उत्तरांत नुसतं "6/(7+xₙ) < 1, म्हणून कॉन्ट्रॅक्शन" असं दिसतं. या गणितात ते निभावतं, कारण ठरावीक k मिळतोच. पण सवय वाईट आहे. हे बघा:

```
x₁ = 1,   xₙ₊₁ = (xₙ² + 1)/xₙ
```

फरकांचा गुणक इथे `1 − 1/(xₙxₙ₊₁)` येतो. नेहमी १ पेक्षा लहान, कधीच १ नाही. फरक १, ०.५, ०.४, ०.३४५ असे छान घटतात. तरी क्रमिका अनंताकडे जाते, कारण वर्ग केला तर `xₙ₊₁² = xₙ² + 2 + 1/xₙ²`, म्हणजे वर्ग दर पायरीला २ पेक्षा जास्त वाढतो. गुणक १ च्या खाली आहे, पण हळूहळू १ लाच भिडत जातो. ही क्रमिका वाढती आहे, वरखाली होणारी नाही, पण खड्डा तोच. म्हणून n वर अवलंबून नसलेला k लिहिल्याशिवाय पुढची ओळ लिहू नका.

फिक्स्ड पॉइंट वजा करून

L आधीच माहीत असेल तर दुसरा मार्ग आहे. लिमिट गृहीत धरायची नाही, फक्त २ हा आकडा घेऊन त्याच्यापासूनचं अंतर मोजायचं:

```
xₙ₊₁ − 2 = 6/(1+xₙ) − 2 = −2(xₙ − 2)/(1+xₙ)
```

कच्च्या कामात २ सापडला आणि इथे वापरला, यात काही गैर नाही. अंतर शून्याकडे गेलं की लिमिट आहे आणि ती २ आहे, दोन्ही एकदमच सिद्ध होतं. मला स्वतःला हा मार्ग जास्त आवडतो, कॉशी लिहावं लागत नाही. ऋण चिन्हामुळे वरखाली उड्याही डोळ्यांना दिसतात.

पण इथेही एक ठेच आहे. गुणक `2/(1+xₙ)`, आणि `x₁ = 1` ला तो नेमका १. पहिल्या पायरीत अंतर कमी होतच नाही: १ हा २ पासून १ ने लांब, ३ सुद्धा १ नेच लांब. एका मुलाने यावरून "कॉन्ट्रॅक्शन लागू होत नाही" असा निष्कर्ष काढून प्रश्न सोडून दिला होता. काही बिघडत नाही. पहिलं पद टाकून द्या. दुसऱ्या पदापासून सगळी पदं [१.५, ३] मध्ये आहेत, तिथे गुणक जास्तीत जास्त २/२.५ = ४/५. सुरुवातीची मोजकी पदं वगळल्याने लिमिटला धक्का लागत नाही, हे माहीत सगळ्यांना असतं, पण अडल्यावर आठवत नाही.

याहून नेटकं हवं असेल तर एकाऐवजी दोन पायऱ्या एकत्र घ्या. दोन गुणकांचा गुणाकार केला की छेदात पुन्हा तोच ओळखीचा `7 + xₙ` उगवतो:

```
|xₙ₊₂ − 2| = [4/(7+xₙ)] · |xₙ − 2| ≤ (1/2)·|xₙ − 2|
```

दर दोन पायऱ्यांना अंतर निम्मं किंवा त्याहून कमी. विषम पदांची अंतरं बघा: १, ०.५, ०.२३५, ०.१०७.

या अंदाजांत फरक किती पडतो, ते चूक ०.००१ च्या आत आणायची असेल तेव्हा कळतं. `8·(3/4)ⁿ⁻¹` ने ३३ वं पद लागतं. ४/५ च्या अंदाजानेही, योगायोगाने, ३३ वंच. दोन पायऱ्यांच्या अंदाजाने २१ वं पुरतं, कारण दहा वेळा निम्मं केलं की १/१०२४. प्रत्यक्षात १९ वं पदच तिथे पोचतं. ते तपासायला अचूक सूत्र आहे. दोन्ही फिक्स्ड पॉइंट वापरून `(xₙ−2)/(xₙ+3)` हे गुणोत्तर घेतलं, तर ते दर पायरीला नेमकं −२/३ ने गुणलं जातं. सुरुवात −१/४. म्हणजे

```
(xₙ − 2)/(xₙ + 3) = −(1/4)·(−2/3)ⁿ⁻¹
```

हे सूत्र सापडलं तर खरं म्हणजे बाकी काही सिद्ध करावंच लागत नाही. पण ते रेषीय अपूर्णांकापुरतंच चालतं. छेदात `xₙ²` आला की ते गेलं, फरकांचा मार्ग मात्र बऱ्याचदा टिकतो.

विषम आणि सम पदं वेगळी काढून प्रत्येक उपक्रमिका मोनोटोन दाखवायची, ही पाठ्यपुस्तकी पद्धतही चालते. विषम पदं १, १.५, १.७६… अशी वाढतात, सम पदं ३, २.४, २.१७… अशी घटतात. तीत शेवटी दोन्ही लिमिट एकच आहेत हे वेगळं दाखवावं लागतं, आणि नेमकं तेच विसरलं जातं. `6/xₙ` मध्येही विषम पदं कन्व्हर्जंट आहेत, समही आहेत. एक १ कडे, दुसरी ६ कडे.

तुमच्या गणितात आकडे वेगळे असतील तर

रिकर्शन `xₙ₊₁ = (a·xₙ + b)/(c·xₙ + d)` असं असेल, a ऋण नसेल, b, c, d धन असतील आणि पहिलं पद धन असेल, तर आधी `ad − bc` काढा. ते ऋण आलं तर फंक्शन घटतं, म्हणजे क्रमिका फिक्स्ड पॉइंटवरूनच सुरू झाली नसेल तर वरखाली होणारच. मोनोटोन सिद्ध करायला बसू नका. धन आलं तर मोनोटोनच्या मार्गाने जा, तो सोपा आहे. शून्य आलं तर फंक्शन स्थिरच आहे, दुसऱ्या पदापासून सगळी पदं सारखी.

ऋण असताना छेदांचा गुणाकार वरच्यासारखाच सोडवला की फरकांचा गुणक असा येतो:

```
(bc − ad) / [c(a+d)·xₙ + bc + d²]
```

`xₙ` धन आहे, म्हणून हा गुणक `(bc − ad)/(bc + d²)` पेक्षा लहान, आणि तो आकडा १ पेक्षा लहान. k तयार मिळाला. `x₁ = 1`, `xₙ₊₁ = (xₙ + 2)/(xₙ + 1)` वर करून बघा: १, ३/२, ७/५, १७/१२, लिमिट √२. गुणक `1/(2xₙ + 3)`, म्हणजे जास्तीत जास्त १/५. पहिला फरक ०.५, दुसरा ०.१.

हे सगळं धन पदांच्या भरवशावर आहे. आपल्या `6/(1+xₙ)` मध्ये पहिलं पद ऋण दिलं असेल तर आधी थोडी पदं हाताने काढा. −७ पासून निघालात तर दुसरंच पद −१ येतं आणि तिसऱ्याला छेद शून्य होतो, गणित तिथेच संपलं. −३ वर ती तिथेच बसते. −२.९ घेतलं तर −३.१६, −२.७८, −३.३७ अशी −३ पासून दूर दूर जात, दहाव्या पदाला −२१ च्या आसपास उडी मारून, बाराव्या पदाला धन होते. तिथून पुढे वरचा पुरावा लागू होतो, फक्त k = ३/४ ऐवजी ६/७ घ्यायचा आणि मोजणी बाराव्या पदापासून सुरू करायची.